बसायच्या जागेचं गळू: शेक किती दिवस आणि चिरा कधी

प्रश्न : मी ३९ वर्षांचा आहे, सांताक्रूझला राहतो, टॅक्सी चालवतो. पाच दिवसांपूर्वी उजव्या मांडीला मागे, जिथे सीटवर भार येतो तिथेच, लाल पुळी आली. आता सुपारीएवढं गळू झालंय. टणक आहे, ठणकतं, रात्री झोप नाही. ताप नाही. आईने भाजलेला कांदा आणि हळद बांधली. मित्र म्हणाला दाबून काढून टाक. काल दाबलं तर रक्ताचा एक थेंब आला, आणि आज सकाळी सूज वाढलेली. केमिस्टने तीन दिवसांच्या गोळ्या दिल्यात. डॉक्टर लगेच कापतील याची भीती वाटते, आणि गाडी उभी ठेवणं परवडत नाही. शेकून बरं होईल का?

उत्तर : उद्या सकाळी दाखवून या. तोवर शेक घ्या आणि गळवाला बोट लावू नका. दाखवल्यावर चिरा द्यावाच लागेल असं नाही. पण पाच दिवस झालेत, आकार सुपारीएवढा आहे आणि झोप उडाली आहे, तेव्हा आत पू किती जमलाय हे कुणीतरी हाताने तपासून बघायला हवं.

आधी कालच्या दाबण्याविषयी, कारण सूज वाढली ती बहुधा त्यामुळेच. गळू केसाच्या मुळाशी सुरू होतं. घाम आणि सीटचं घर्षण यांनी तिथली कातडी दुखावते आणि स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचे जंतू आत शिरतात. हे जंतू काही बाहेरून कुणी आणून सोडलेले नसतात. दहांतल्या साधारण तिघांच्या नाकात ते एरवीही मुक्कामाला असतात आणि नाकातून हातावर, हातावरून कातडीवर येतात. शरीर त्यांच्यावर पांढऱ्या पेशी पाठवतं. मेलेले जंतू, मेलेल्या पेशी आणि विरघळलेलं मांस यांचा पू होतो, आणि तो पसरू नये म्हणून शरीर त्याच्याभोवती एक भिंत बांधायला घेतं. तुमच्या हाताला लागतो तो टणकपणा म्हणजे ही भिंत आणि तिच्या आसपासची सूज. ती दुखते खरी, पण तुमच्याच बाजूने लढत असते.

तुम्ही दाबता तेव्हा जोर फक्त वर येत नाही, चारी दिशांना जातो. मांडीच्या मागची कातडी जाड आहे, वर अजून तोंड झालेलं नाही, आणि खाली आहे मऊ चरबी. दुधाची पिशवी कोपरा न कापता दाबली तर ती कुठून फुटेल हे आपल्या हातात नसतं. इथे तर आतली बाजूच कच्ची, म्हणून पू आत सरकतो. अर्धवट बांधलेली भिंत फुटते आणि काल सुपारीएवढ्या जागेत असलेले जंतू आज आजूबाजूच्या चरबीत पोचतात. वर दिसतो फक्त रक्ताचा थेंब, आणि माणसाला वाटतं, अजून जोर लावायला हवा होता. क्वचित हे जंतू रक्तात शिरून हाडात किंवा हृदयाच्या झडपेवर जाऊन बसतात. रोज घडणारी गोष्ट नाही, पण ज्याला होतं त्याला महिना-दीड महिना इंजेक्शनं घ्यावी लागतात.

मित्राच्या पुढच्या सल्ल्यात गॅसवर गरम केलेली सुई असणार, हेही आत्ताच गृहीत धरतो. सुईचं छिद्र इतकं बारीक असतं की दाट पू त्यातून येत नाही, काही तासांत ते बुजतं, आणि टोचणाऱ्याला आत पू कुठे आहे ते दिसत नसतं. म्हणजे जखम झाली आणि निचरा मात्र झाला नाही.

चेहऱ्याच्या गळवाला तर हा नियम दुप्पट कडक. नाक, वरचा ओठ आणि त्यांच्या आसपासच्या शिरा डोळ्याच्या खोबणीतून मेंदूच्या तळाशी असलेल्या रक्ताच्या पोकळीपर्यंत पोचतात. तिथली पुळी आरशासमोर उभं राहून दाबली आणि नंतर पापणी सुजली, एकाच्या जागी दोन दिसायला लागलं किंवा डोकं फुटायला आलं, तर सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच कॅज्युअल्टीत जायचं.

आता शेक. तुमच्या आईचा कांदा अगदीच चुकीचा नव्हता. भाजलेला कांदा असो की गव्हाच्या पिठाचं पोटीस, त्यात काम करते ती ऊब. उबेमुळे तिथल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, जास्त रक्त आणि जास्त पांढऱ्या पेशी येतात, वरची कातडी मऊ पडते, पू एका जागी गोळा होतो आणि जिथे कातडी सर्वांत पातळ असते तिथे तोंड येतं. शेकाने जंतू मरत नाहीत. जंतू मरतील इतकं गरम पाणी लावलं तर आधी तुमची कातडी भाजेल. म्हणून कांद्याऐवजी नुसतं गरम पाणी वापरा. कांद्याचे तुकडे फुटलेल्या गळवात अडकतात, आणि गॅसवरून थेट उतरवलेल्या पोटिसाने भाजून आलेले फोड आम्हाला दवाखान्यात बऱ्याचदा बघायला मिळतात. हळदीविषयी माझी तक्रार वेगळी आहे. लेपाने कातडी पिवळी होते आणि लाली किती पसरली ते कुणालाच दिसत नाही. आज अंघोळीला साबणाने ती सगळी धुऊन काढा, उद्या डॉक्टरला कातडीचा खरा रंग दिसू दे.

शेक असा घ्या. जुन्या सुती धोतराचा किंवा चादरीचा धुतलेला तुकडा चार पदरी घडी करा. पातेल्यात पाणी गरम करून खाली उतरवा आणि मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकून बघा. गरम लागलं पाहिजे, हात झटकावासा वाटता कामा नये. कापड बुडवून पिळा, पालथं झोपून गळवावर ठेवा. दोन-तीन मिनिटांत ते कोमट होतं, की पुन्हा बुडवा. असं दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. चालकाला चार वेळा जमणं कठीण, हे मला कळतं. सकाळी निघण्यापूर्वी, दुपारी जेवायला घरी आलात तर तेव्हा, संध्याकाळी परतल्यावर आणि झोपताना, असं बसवा. दर वेळी धुतलेलं कापड घ्या, किंवा तेच कापड उकळून उन्हात वाळवा. आधी आणि नंतर साबणाने हात धुवा. रबरी पिशवी थेट कातडीवर ठेवू नका, आणि पिशवी खाली घेऊन तिच्यावर बसू तर अजिबात नका. उष्णता अडकून राहते, वरून भार पडतो, आणि झोप लागली की भाजतं.

शेक घेता घेता एक काम करा. साध्या बॉलपेनने लालीच्या कडेभोवती रेघ ओढा आणि शेजारी तारीख-वेळ लिहा. जागा मागे आहे, त्यामुळे घरच्या कुणाला तरी सांगा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा. सकाळी लाली रेघेच्या आत असेल तर गळू आपल्या जागी आहे. लाली रेघ ओलांडून दोन बोटं पुढे गेली असेल तर ते पसरतंय. तुम्ही दाबलेलं आहे, त्यामुळे ही रेघ तुमच्या बाबतीत फार कामाची. "सूज वाढली" या तुमच्या वाक्यावरून डॉक्टरला तेवढं कळत नाही, जेवढं रेघेवरून कळतं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल ६५० ची एक गोळी घ्या, दोन गोळ्यांत किमान सहा तास ठेवा, आणि यकृताचा काही त्रास असेल तर आधी विचारा. पण गोळी घेण्याआधी थर्मामीटर लावा. गोळीने ताप उतरतो, मग "ताप नाही" हे खरं की गोळीचं, ते सांगता येत नाही.

शेकाचं काम पू गोळा करून तोंडाशी आणण्याचं. वाटाण्याएवढी पुळी असेल तर बऱ्याचदा शेकानेच ती दोन-तीन दिवसांत फुटते किंवा जिरते. पण एकदा आत पुवाचा खिसा नीट तयार झाला, साधारण दोन सेंटीमीटरच्या वर गेला आणि वरची जाड कातडी फुटायचं नाव घेईना, की त्यापुढे कितीही शेका, पुवाला वाट हवी असते. तुम्ही त्या सीमेवर आहात.

वेळ झाली की नाही, हे डॉक्टर बोटांनी ओळखतो. एका हाताची दोन बोटं गळवाच्या दोन बाजूंना ठेवायची आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने मध्ये हलकेच दाबायचं. आत पू असेल तर बाजूच्या बोटांना तो सरकलेला जाणवतो. कडा टणक पण मध्यभाग लिबलिबीत, वरची कातडी ताणून चकचकीत झालेली, कधी मध्ये पिवळट ठिपका, अशी स्थिती आली की गळू पिकलं. ही चाचणी तुम्ही घरी करू नका, कारण चाचणीचं दाबणं व्हायला वेळ लागत नाही. मांडीच्या मागे पू खोल असतो आणि बोटाला नेहमीच लागत नाही. शंका असली तर सोनोग्राफीने पू आहे की नुसती सूज, ते लगेच कळतं.

आणि इथेच तुमच्या भीतीचं उत्तर आहे. गळू सर्वत्र टणक असेल, मध्ये पू जमलेला नसेल, तर शहाणा डॉक्टर कापतच नाही. त्यावेळी चिरा दिला तर निघतं फक्त रक्त, आणि दुखणं जागच्या जागी. तो सांगेल, शेक चालू ठेवा, दोन दिवसांनी या. पिकलेलं असेल तर मात्र तो थांबणार नाही, आणि तुम्हीही थांबू नका. पिकलेलं गळू उद्यावर टाकलं तर खिसा मोठा होतो, पुढे कप्पे पडतात, आणि जो चिरा आज बारीक लागला असता तो लांब लागतो.

प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. तुम्हाला पालथं झोपवतील. जागा बेटाडिनने पुसतील. मग लिग्नोकेनचं इंजेक्शन. सगळ्या प्रकारात जास्तीत जास्त दुखतं ते हेच. सुजलेल्या, लाल झालेल्या भागात भूल नीट चढत नाही, म्हणून गळवाच्या कडेने, चांगल्या कातडीत गोल टोचून काही मिनिटं थांबावं लागतं. घाईत असलेला डॉक्टर हे थांबणं टाळतो, तेव्हा बिनधास्त म्हणा, "अजून बधिर झालेलं नाही." चिमट्याने टोचून विचारतील, टोक बोचलं तर सांगायचं.

मग सर्वांत मऊ जागी साधारण एक-दोन सेंटीमीटरचा चिरा. पू दाबाखाली असतो, तो एकदम उसळून बाहेर येतो, घाण वास येतो. आणि त्याच क्षणी टेबलावरच्या माणसाचे आवळलेले खांदे सैल पडतात, कारण ठणका होता तो आतल्या दाबाचा. मला वाटतं, आमच्या कामात इतक्या झटकन आराम देणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत. त्यानंतर बोथट चिमटा आत घालून कप्पे फोडतात. हे कुणी टाळलं तर एका कप्प्यातला पू निघतो, शेजारचा राहतो, आणि चार दिवसांनी गळू "परत आलं" असं वाटतं. मग सलाईनच्या पाण्याने आतून धुतात. पुवाचा नमुना कल्चरला पाठवा असं तुम्ही स्वतः सांगा. मुंबईत नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारे स्टॅफ भरपूर आढळतात, आणि पुढे कुठली गोळी चालेल ते कल्चरवरून कळतं.

टाके घालत नाहीत, हे पाहून घाबरू नका. वरून शिवलं तर खाली पुन्हा पू कोंडतो. जखम तळातून वर भरत यायला हवी, म्हणून तोंड उघडं ठेवतात. खिसा मोठा असेल तर गॉझची वात आत सोडतात, ती एक-दोन दिवसांत काढतात. लहान खिशाला वात लागतेच असं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलं होतं ते आठवून ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा कुठल्या औषधाची ॲलर्जी असेल तर भूल देण्याआधी सांगा. हे सगळं ड्रेसिंग रूममध्ये अर्ध्या तासात उरकतं आणि माणूस चालत घरी जातो.

केमिस्टच्या गोळ्यांचं काय? ती भिंत पुवाला अडवते तशी औषधालाही अडवते. पुवाच्या खिशात रक्त खेळत नाही, त्यामुळे गोळी पोटात गेली तरी जंतूंपाशी पुरेशी पोचत नाही. अर्धवट गोळ्यांनी कधी कधी लाली ओसरते आणि आत एक निब्बर गाठ राहून जाते, जी महिनाभराने पुन्हा उठते. निचरा झाल्यावर मात्र गोळ्यांचा उपयोग होतो. अमेरिकेत २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाच सेंटीमीटरपर्यंतच्या गळवांना चिरा दिला. पुढे दहा दिवस खरी गोळी घेतलेल्यांत शंभरांतले ८२-८३ बरे झाले, तर खोटी गोळी घेतलेल्यांत ६९. म्हणजे मुख्य काम चिऱ्याचं, गोळीची भर त्यावर. तुमच्याकडची पट्टी उद्या सोबत न्या, नाव डॉक्टरला दाखवा. ती संपली म्हणून तीच दुसरी आणू नका.

आता जागेविषयी एक प्रश्न, पत्रात तुम्ही मांडीला मागे असं लिहिलंत तरी विचारून घेतो. सीटवर भार येतो ती जागा म्हणजे नक्की कुठे? मांडीवर असेल तर वर लिहिलं ते सगळं लागू. पण गळू गुदद्वाराजवळ असेल आणि शौचाला बसताना दुखत असेल, तर ते पिकण्याची वाट बघायचीच नसते. त्याचा उगम बहुधा गुदद्वाराच्या आतल्या ग्रंथीत असतो, वरून दिसतं त्यापेक्षा ते खोल असतं, आणि रेंगाळलं तर पुढे भगंदर होऊन बसतं. ते सर्जनलाच दाखवा, त्याच दिवशी. आणि माकडहाडाशी, दोन कुल्ल्यांच्या फटीत असेल तर ते वेगळंच दुखणं असतं. तिथे केस आत रुततात आणि त्याचा नाळीसारखा मार्ग तयार होतो. दुसऱ्या महायुद्धात तासन्‌तास धक्के खात गाडी चालवणाऱ्या अमेरिकन सैनिकांत हे इतकं आढळलं की त्याला 'जीप डिसीज' म्हणू लागले. चिऱ्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, पण तो मार्ग राहिला तर पुन्हा पुन्हा येतं.

आज रात्रीच कॅज्युअल्टीत जायचं ते यातलं काही झालं तर: थर्मामीटरवर १००.४ च्या वर ताप किंवा हुडहुडी, पेनची रेघ झपाट्याने ओलांडणारी लाली, गळवापासून जांघेकडे जाणारी लाल रेष, कातडी जांभळी-काळी पडणं किंवा तिच्यावर पाण्याचे फोड येणं, आणि दिसतं त्याच्या मानाने कितीतरी जास्त, असह्य दुखणं. शेवटच्या दोन गोष्टींत काही तासांनीही फरक पडतो. जांघेत अवधाण येऊन एखादी दुखरी गाठ लागली तर तेवढ्यावरून घाबरायचं कारण नाही, पण उद्या तीही दाखवा.

कुठे जायचं? सांताक्रूझ पूर्वेला महापालिकेचं व्ही. एन. देसाई आहे, विलेपार्ले पश्चिमेला कूपर. सकाळी लवकर केस पेपर काढून सर्जरीच्या ओपीडीत बसा. तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे ड्रेसिंगची सोय असेल तर छोट्या गळवासाठी तेही उत्तम. पण "वरून नुसतं टोचून काढतो" असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

चिरा न देता गळू आपसूक फुटलं, अगदी आज रात्री शेकतानाच, तर पिळू नका. आपोआप येईल तेवढं येऊ द्या. साबण-पाण्याने धुवा, वर स्वच्छ गॉझ आणि चिकटपट्टी लावा, भिजली की बदला. जुनी पट्टी पिशवीत गाठ मारून टाका, कारण त्या पुवात जिवंत जंतू असतात आणि घरातल्या दुसऱ्याला तेच गळू व्हायला तेवढं पुरतं. पू थांबेपर्यंत शेक चालू ठेवा. फुटूनही आत गोटी राहिली किंवा दोन दिवसांत ठणका परत सुरू झाला, तर निचरा अपुरा झालाय, तेव्हा दाखवायचंच.

गाडीचं सांगतो. पिकण्याआधी आठ-दहा तास त्यावर बसून गाडी चालवणं म्हणजे दिवसभर हळूहळू दाबत राहणंच आहे. चिरा दिल्यावर साधारण दोन-तीन दिवस घरी, मग पट्टी कोरडी राहायला लागली की अर्धा दिवस. जखम पूर्ण भरायला आकारानुसार दोन-तीन आठवडे जातात, पण तेवढे दिवस गाडी बंद ठेवावी लागत नाही. सीटवर रेक्झिनचं कव्हर असेल तर त्यावर सुती टॉवेल अंथरा आणि रोज बदला. मुंबईच्या दमट हवेत रेक्झिन आणि जीन्स यांच्यामधला घाम वाळतच नाही. आंब्यांना दोष देऊ नका. आंब्यांच्या दिवसांत गळवं वाढतात कारण त्याच दिवसांत घाम वाढतो. तुमचा टॉवेल, साबणाची वडी आणि दाढीचं ब्लेड सध्या घरात कुणीही वापरू नये.

आणि उद्या केस पेपरवर आणखी एक तपासणी लिहून घ्या: उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी. चाळिशीच्या आसपास, दिवसभर बसून काम, वेळीअवेळी वडापाव-चहा, अशा माणसाला मधुमेह आहे हे पहिल्यांदा गळवावरूनच कळलं, असं आम्ही बऱ्याचदा पाहतो. जंतुसंसर्गात साखर तात्पुरती वाढते, म्हणून नुसत्या त्या दिवशीच्या आकड्यावर जाऊ नका. एचबीए१सी मागच्या तीन महिन्यांचं सांगतं आणि ६.५ किंवा वर आलं तर गळू बरं झाल्यावरही उपचार लागतील. वर्षभरात हे तिसरं-चौथं गळू असेल, किंवा काखेत आणि जांघेतही येत असतील, तर तेही डॉक्टरला न विसरता सांगा. मग प्रश्न एका गळवाचा राहत नाही आणि तपासण्या वेगळ्या लागतात.